तव्यावरचे छायाचित्र

वसतिगृहातील पाककृतीच्या वर्गात आम्ही डोसे शिकलो, तेव्हा प्रत्येकीच्या डोशाचे छायाचित्र भिंतीवर लावून त्यांची तुलना होत असे. पीठ सर्वांचे एकच होते: तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथी, वाटून रात्रभर आंबवलेले. तरी छायाचित्रे निरनिराळी निघाली.

एका चित्रात डोशाचा मध्य जाड व पांढुरका होता. तवा फार तापल्यामुळे पीठ पडताक्षणीच धरले आणि पळीने ते पसरेना. दुसऱ्यात मध्य करपलेला, कडा फिकट. ज्योत फक्त तव्याच्या मध्यावर लागत होती. तव्यावर पाणी शिंपडून तो पुसणे, पीठ मधून बाहेर फिरवत नेणे आणि मगच आच वाढवणे, हे आम्ही त्या दोन चित्रांवरून शिकलो.

तिसरा डोसा पातळ होता, रंगही सर्वत्र सारखा सोनेरी. परंतु कडा मऊ पडून खाली बसलेल्या. कुरकुरीतपणात आम्ही त्याला शेवटचा क्रमांक दिला. मैत्रीण काही बोलली नाही. पुढे कळले, तिने आधी आम्हा सर्वांना वाढले आणि स्वतःच्या डोशाचे छायाचित्र सर्वांत शेवटी काढले. तोवर ताटलीत कोंडलेल्या वाफेने कडा नरमल्या होत्या.

पुढच्या वर्गापासून आम्ही नियम केला: कडा तव्यावरून आपोआप सुटून उचलल्या की तेथेच छायाचित्र घ्यायचे. क्रमांक मात्र आम्ही त्याच दिवशी बदलला.