‘आम्ही’ला आणणारा तास

स्पॅनिश शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या टाचणात धातू बदलणाऱ्या क्रियापदांचा एक तास असतोच. मी पुण्यात नववीच्या मुलांना ही भाषा शिकवते, आणि वर्षभरातल्या सगळ्या तासांमध्ये या एका तासाच्या टाचणावर माझी सर्वांत जास्त खाडाखोड झाली आहे.

अडचण अशी. ‘केरेर’ म्हणजे हवं असणं. त्याचं ‘मला हवंय’ होतं ‘किएरो’, ‘तुला हवंय’ होतं ‘किएरेस’. धातूतल्या ‘ए’चा ‘इए’ झाला. ‘पोदेर’ म्हणजे शकणं. त्याचं ‘पुएदो’, ‘पुएदेस’, म्हणजे ‘ओ’चा ‘उए’. पण ‘आम्ही’ आलं की धातू जसाच्या तसा राहतो: ‘केरेमोस’, ‘पोदेमोस’. सहा रूपांचा तक्ता दोन रकान्यांत मांडला आणि बदलणाऱ्या रूपांभोवती रेघ ओढली, तर बुटाचा आकार होतो. ‘आम्ही’ आणि स्पेनमध्ये चालणारं ‘तुम्ही’ ही दोनच रूपं बुटाबाहेर राहतात. हा धडा बऱ्याचदा बुटाच्याच चित्रानं शिकवतात. मुलांना चित्र लगेच पाठ होतं, तक्ताही अचूक भरता येतो, आणि तोंड उघडलं की ‘किएरेमोस’ बाहेर पडतं.

याचं कारण मला जोडीच्या सरावात सापडलं. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, असा सराव बहुतेक पुस्तकांत असतो. ‘तुला काय हवंय?’ ‘मला चहा हवाय.’ आता यात वापरलेली रूपं पाहा. ‘तू’ आणि ‘मी’, दोन्ही बुटाच्या आतली. पंधरा मिनिटं दोघं छान बोलतात, पण जिथे धातू बदलत नाही ते रूप एकदाही तोंडी येत नाही. बदलणारं आणि न बदलणारं रूप शेजारी आल्याशिवाय फरक कानाला जाणवणार कसा? म्हणून जोडीचं काम असं हवं, की ‘आम्ही’ म्हटल्याशिवाय ते पुरंच होऊ नये.

तासाची सुरुवात मी तक्त्यानं करत नाही. माझा शनिवार कसा जातो ते हळूहळू सांगते आणि मग चारच शब्द फळ्यावर लिहिते: ‘किएरो’, ‘केरेमोस’, ‘पुएदो’, ‘पोदेमोस’. मुलांनी ते मोठ्यानं म्हणायचे आणि आवाजाचा जोर जिथे पडतो तिथे टाळी वाजवायची. ‘किएरो’त टाळी ‘किए’वर पडते, ‘केरेमोस’मध्ये ‘रे’वर. दोन-तीनदा झालं की कोणीतरी म्हणतंच, “मॅम, जोर पुढे सरकला की ते तुटत नाही.” हाच नियम. जोर धातूवर असेल तर स्वर फुटतो, प्रत्ययावर गेला तर फुटत नाही.

नववीतली मुलं इथे ‘पण का?’ असं विचारतात आणि त्यांना उत्तर मिळायला हवं. लॅटिनमधला ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ स्पॅनिशमध्ये येताना जोराखाली फुटले. लॅटिन ‘पोर्ता’चं ‘पुएर्ता’ झालं, म्हणजे दार. पण दार राखणारा, आणि फुटबॉलमधला गोलरक्षकसुद्धा, ‘पोर्तेरो’च राहिला, कारण त्यात जोर ‘ते’वर आहे. गोलरक्षकाचं उदाहरण दिलं की मागचे बाक सरळ बसतात.

मग कार्यपत्रिका. पाचच क्रियापदं घेते: केरेर, पोदेर, दोर्मिर म्हणजे झोपणं, आल्मोर्सार म्हणजे दुपारचं जेवणं, आणि हुगार म्हणजे खेळणं. ‘हुगार’मध्ये ‘उ’चा ‘उए’ होतो आणि असं वागणारं सर्रास वापरातलं ते एकटंच क्रियापद, म्हणून ते जाता जाता सांगून टाकते. जोडीतल्या प्रत्येकाकडे शनिवारचं वेगळं वेळापत्रक. पहिल्याचं: एक वाजता जेवण, दोन ते चार झोप. दुसऱ्याचं: एक वाजता जेवण, चार ते साडेपाच फुटबॉल. दोघांनी मिळून सिनेमाची वेळ ठरवायची. कागद एकमेकांना दाखवायचा नाही. त्यासाठी पाठीला पाठ लावून बसवते, नाहीतर डोकी जवळ येतात, बोट ठेवून वेळ ठरते आणि काम मुकाट्यानं उरकतं. जी जोडी फार लवकर संपवते तिनं बहुधा मराठीत ठरवलेलं असतं.

खरा भाग यानंतरचा. ठरलेलं सगळं शेजारच्या जोडीला सांगायचं. तिथे ‘आल्मोर्सामोस आ ला उना’, म्हणजे आम्ही एकला जेवतो, हे म्हणावंच लागतं, कारण जेवणाची वेळ मी मुद्दाम दोघांची एकच ठेवलेली असते. त्याला लागून लगेच ‘पेरो एया दुएर्मे’, म्हणजे पण ती झोपते. एकाच दमात न फुटलेला आणि फुटलेला, दोन्ही स्वर आले.

परवा खिडकीजवळच्या जोडीतली मुलगी सांगू लागली, “पुएदेमोस इर आल सिने आ लास सेइस.” सहाला आम्ही सिनेमाला जाऊ शकतो. तिच्या जोडीदारानंही मान डोलावली. बोलणं चालू असताना मी मध्ये पडत नाही, वहीत टिपून ठेवते. शेवटी ते वाक्य नाव न घेता फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांना टाळी वाजवायला सांगितली. टाळी ‘दे’वर पडली. ती मुलगी स्वतःच म्हणाली, “जोर ‘दे’वर आहे, मग ‘पुए’ कशाला?” तिला तक्ता आठवावा लागला नाही, कानानंच काम भागलं.

टाळीची मर्यादाही त्याच तासात दिसली. एका मुलानं ‘कोमेर’, म्हणजे खाणं, याचं ‘कुएमो’ केलं. जोर धातूवर होता, नियम त्यानं नीट लावला होता, पण हे क्रियापद बदलणाऱ्यांतलं नाही. त्याचं ‘कोमो’च होतं. स्वर कुठे फुटेल ते जोर सांगतो, कोणत्या क्रियापदात फुटेल ते सांगत नाही. त्याला पाठांतराशिवाय इलाज नाही. म्हणून मुलं वहीत क्रियापद एकटं लिहीत नाहीत, ‘पोदेर, पुएदो’ अशी दोन रूपं जोडीनं लिहितात. तास संपताना हातात चिठ्ठी देते: चार वाक्यं, त्यांतली दोन ‘आम्ही’ची, एक ‘मी’चं आणि एक ‘कोमेर’चं. ‘आम्ही’ची दोन्ही चुकली असतील, तर दुसऱ्या दिवशी त्या मुलांना नवी कार्यपत्रिका देऊन परत जोडीत बसवते.

‘पेदिर’, ‘सेर्विर’, ‘रेपेतिर’ यांच्यात ‘ए’चा नुसता ‘इ’ होतो. हा गट मी त्याच दिवशी घेत नाही, कारण तीन बदल एकदम आले की मुलं अंदाजानं ठोकून देतात. पुढच्या तासाला हॉटेलचं मेन्यूकार्ड असतं. प्रत्येकाकडे ठरावीक पैसे, ‘पिदो’ म्हणत आपल्याला काय मागवायचं ते आधी जोडीदाराला सांगायचं, आणि वेटर झालेल्या तिसऱ्याला दोघांची मिळून मागणी द्यायची ती मात्र ‘पेदिमोस’ म्हणूनच.