फोन आणि मॅक यांमधील दुभाषा

भिवंडीतील एखाद्या कापडपेढीत नमुन्यांची छायाचित्रे अँड्रॉइड फोनमध्ये असतात आणि संगणक मॅक असतो. केबल जोडूनही मॅकच्या फाइंडरमध्ये फोन दिसत नाही. कारण फोन ज्या ‘एमटीपी’ पद्धतीने फाइली देतो, ती फाइंडरला अवगत नाही. तेथे ओपनएमटीपी हा विनामूल्य प्रोग्राम दुभाष्याचे काम करतो.

फोन अनलॉक करून यूएसबीच्या सूचनेत ‘File transfer’ निवडावे. प्रोग्राममध्ये मॅक आणि फोन शेजारी-शेजारी दिसले, की DCIM मधील Camera फोल्डर मॅककडे ओढावे. सूचना न येता फोन नुसता चार्ज होत राहिला, तर केबल बदलावी. काही केबलींत माहिती वाहणाऱ्या तारा नसतात.

शेवटी दोन्हीकडील फाइलींची संख्या जुळवावी, काही छायाचित्रे मॅकवर उघडून पाहावीत. त्यानंतरच फोनमधील मूळ प्रती पुसाव्यात.