पहाटे चारचा मेसेज

रमजानमधली एक पहाट. सहरी उरकून मी फोन हातात घेतला. वॉर्डच्या ड्यूटी लिस्टमधला एक बदल रात्री कळवायचा राहून गेला होता. मंगळवारी पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी मी आमच्या एका सिस्टरना मेसेज टाकला, "उद्या मॉर्निंगला या, ८ वाजता." मला म्हणायचं होतं बुधवारी.

मेसेजच्या आवाजाने त्यांना जाग आली. मेसेज रात्रीच पाठवला असेल असं समजून त्यांनी 'उद्या'चा अर्थ 'आज' असा घेतला. मंगळवार त्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा. मुलाला शेजारी ठेवून, दोन बस बदलून त्या ८ वाजता वॉर्डात हजर! चूक कळल्यावर त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही जाग्या होतात, मी नव्हते."

आपण जागे आहोत म्हणजे समोरचाही जागा आहे, हीच माझी चूक होती. रमजानमध्ये ती सहज होते, कारण पहाटे चारला आपल्या मोहल्ल्यातला प्रत्येक दिवा लागलेला असतो. सहरीला कुणी ऑनलाइन दिसलं, तरी ती कामासाठी मोकळी नसते. खाऊन, फजर पढून तिला पुन्हा दोन तास पडायचं असतं.

त्या दिवशी घरी येऊन मी कागदावर तिन्ही पाळ्या मांडल्या. मॉर्निंग ८ ते २, इव्हिनिंग २ ते ८, नाईट रात्री ८ ते सकाळी ८. मॉर्निंगवाली साडेपाचला उठते, म्हणून रात्री दहानंतरचा मेसेज तिची झोप मोडतो. नाईटवाली घरी पोहोचून दहाच्या सुमारास झोपते ती चारपर्यंत. म्हणजे दुपारी १२ ही तिची मध्यरात्र. आणि ऑफिसच्या सवयीने मी बहुतेक मेसेज तेव्हाच टाकत असे! नाईटवाली साडेसातच्या आत घर सोडते, म्हणजे तिला त्याआधी कळायला हवं. सगळ्या रेघा ओढल्यावर उरली संध्याकाळी साडेचार ते सहा एवढीच फट. मी ५ ही वेळ धरली. रमजानमध्ये पाचनंतर इफ्तारची तयारी असते, नंतर तरावीह, म्हणून त्या महिन्यात साडेचार.

सुट्टीचा प्रश्न अवघड होता. आमच्याकडे रोज कुणाचा तरी ऑफ असतो, त्यामुळे ग्रुपवरचा प्रत्येक मेसेज कुणाच्या तरी सुट्टीत शिरतो. म्हणून आता ग्रुपवर आठवड्यातून एकच मेसेज जातो. सोमवारपासूनची लिस्ट आधीच्या गुरुवारी ५ वाजता. मधला बदल फक्त जिच्याशी संबंध आहे तिलाच. ती सुट्टीवर असेल आणि बदल सुट्टीनंतरच्या पहिल्याच पाळीचा नसेल, तर मेसेज ती कामावर येईपर्यंत थांबतो. आणि आजच्याच पाळीत कुणी कमी पडलं, तर मेसेज नाही, सरळ फोन. या शेवटच्या नियमावर बाकी सगळं उभं आहे. तातडीचं काम फोनवरच येतं याची खात्री असेल, तरच माणूस मेसेजचा आवाज बंद करून निर्धास्त झोपतो.

'उद्या' हा शब्द मी सोडून दिला. 'शुक्रवारची नाईट'सुद्धा. आपल्या घरांत दिवस मगरिबला बदलतो, जुम्म्याची रात म्हणजे गुरुवारची रात्र. वॉर्डातल्या इतरांसाठी ती शुक्रवारचीच. आता मी लिहिते, "गुरुवार १३ मार्च रात्री ८ ते शुक्रवार १४ मार्च सकाळी ८." लांबलचक दिसतं, पण परत विचारणारा मेसेज येत नाही. रात्री सुचलेला बदल नोट्समध्ये लिहून ठेवते. जीमेल किंवा टेलिग्राममध्ये मेसेजला वेळ लावून ठेवता येते, पण मधे परिस्थिती बदलली तरी तो ठरल्या वेळी जातोच. म्हणून मी पाचला एकदा वाचून हातानेच पाठवते.

सूरह नूरच्या ५८व्या आयतीत तीन वेळा सांगितल्या आहेत, ज्या वेळी घरातल्या लहान मुलांनीही परवानगी घेऊनच आत यावं: फजरच्या आधी, दुपारी माणूस कपडे सैल करून आडवा होतो तेव्हा आणि इशानंतर. लहानपणी मदरशात हे शिकले होते. माझा मेसेज यांतल्या पहिल्याच वेळी, न विचारता, दुसऱ्याच्या उशाशी जाऊन उभा राहिला होता.

त्या सिस्टरना मी बदली सुट्टी दिली. ती लिस्टमध्ये लावली, आणि कळवली गुरुवारी ५ वाजता.