उभं कार्ड आणि मधली केबल

काचेच्या दारातून ग्राफिक्स कार्डाचे पंखे समोर दिसावेत म्हणून कार्ड उभं लावून मागणारी मुलं वर्ध्यात आता बरीच येतात. आडवं कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये थेट बसतं. उभं करायचं तर मध्ये रायझर केबल घालावी लागते. "भाऊ, अर्ध्या किमतीची चालंल ना?" हा प्रश्न ठरलेला. केबल जोडली की चित्र येतं, म्हणून स्वस्तातली चांगली वाटते.

सोळा लेनच्या त्या पट्टीत तारांच्या बत्तीस जोड्या असतात. जोडीतल्या एका तारेत सिग्नल सुलटा, दुसरीत उलटा. पलीकडे दोन्हींतला फरक वाचला जातो. पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीत एका लेनवर सेकंदाला 8 अब्ज बिट धावतात, चौथीत 16 अब्ज. या वेगाला दोन तारांमधलं अंतर जरा हललं, आवरण कमी पडलं किंवा जोड ढिला असला, की सिग्नलचा काही भाग मागे परततो आणि उरलेला पोचेपर्यंत क्षीण होतो. शिवाय रायझरमुळे वाटेत एक स्लॉट वाढतो.

हिंगणघाटच्या एका फोटो स्टुडिओचा उभ्या कार्डाचा संगणक लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना मध्येच काळा व्हायचा. मालकांचा संशय कार्डावर होता. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मात्र `WHEA-Logger`, क्रमांक 17 च्या नोंदींची रांग लागली होती, आणि त्यांत घटक म्हणून `PCI Express Root Port`. ही दुरुस्त झालेली चूक असते: पाकीट बिघडून पोचतं, तपासणीत पकडलं जातं आणि पुन्हा मागवलं जातं. वापरणाऱ्याला काही कळत नाही, चुका आवरेनाशा होईपर्यंत.

रायझर काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये बसवलं आणि तोच व्हिडिओ चालवला. एकही नवी नोंद नाही. रायझर परत लावून बायोसमध्ये स्लॉटचा वेग `Auto` वरून `Gen3` केला, तरी सगळं स्वच्छ. म्हणजे कार्ड ठणठणीत होतं. तिसऱ्या पिढीसाठी बनलेली केबल चौथीच्या वेगाला जोडली गेली होती. सोळा लेनच्या कार्डाला एडिटिंगमध्ये या उतरलेल्या वेगाचा फरक फारसा जाणवत नाही, म्हणून मालकांनी तेच ठेवलं. आरटीएक्स 4060 सारखं आठच लेनचं कार्ड असतं, तर मी केबल बदलायलाच लावली असती.

तपासताना कार्डावर भार हवा. रिकामं बसलेलं कार्ड वीज वाचवायला लिंकचा वेग आपणच उतरवतं आणि तो आकडा पाहून केबलला उगाच दोष लागतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मी भार सुरू करून हे चालवतो:

```
nvidia-smi -q
```

त्यातला `Replays Since Reset` हा आकडा पुन्हा पाठवलेल्या पाकिटांचा. अर्ध्या तासाच्या भारात तो चढत राहिला, तर काचेचं दार लावण्याआधीच ती केबल मी दुकानदाराला परत करतो.