मालक गेला, आता कोणता कागद चालणार?

बेंगळुरूच्या पोस्टिंगमधली एक रविवारची सकाळ. आमच्या युनिटचे एक सुभेदार साहेब फाईल घेऊन घरी आले. मूळचे साताऱ्याकडचे, पेन्शनला दोन वर्षं उरलेली. २०१४ साली येलहंक्याच्या पुढे त्यांनी ३० बाय ४० चा प्लॉट घेतला होता.

"सर, जागेचा मालक वारला. मुलगा म्हणतो, जागा आमचीच. पण माझ्याकडे कागद पक्के आहेत."

फाईलमध्ये तीन कागद होते. नोंदणी न केलेलं साठेखत, मालकाने साहेबांच्या नावे केलेलं कुलमुखत्यारपत्र आणि त्याच मालकाचं 'माझ्यामागे हा प्लॉट यांना मिळावा' असं मृत्युपत्र. खरेदीखत मात्र नव्हतं. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या अशा जागेला इथे 'रेव्हेन्यू साइट' म्हणतात. खरेदीखत होण्यात अडचण असली किंवा स्टॅम्प ड्युटी वाचवायची असली, की एजंट हे तीन कागद हातात ठेवतो.

"साहेब, यातले दोन कागद एकमेकांच्या उलट चालतात," मी म्हणालो.

मुखत्यारपत्र म्हणजे 'माझ्या वतीने तू सही कर' एवढाच अधिकार. ते सही झाल्यापासून चालू होतं आणि देणारा वारला की संपतं, कारण ज्याच्या वतीने सही करायची तोच राहत नाही. मृत्युपत्राचं बरोबर उलटं. करणारा जिवंत असेपर्यंत तो नुसता कागद. मालक ते फाडू शकतो, बदलू शकतो, तीच जागा दुसऱ्याला विकूही शकतो. ते लागू होतं त्याच्या मृत्यूच्या दिवशी.

म्हणजे २०१४ पासून साहेबांच्या हातात मालकी कधीच नव्हती. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात हेच सांगितलं: साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर मालकी जात नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. पैसे घेऊन दिलेलं मुखत्यारपत्र मालकामागेही टिकतं, असा युक्तिवाद काही वकील करतात. पण टिकलं तरी तो सहीचाच अधिकार, मालकी नव्हे.

"मग मृत्युपत्र तर आता चालू झालं ना, सर?" साहेबांचा प्रश्न बरोबर होता.

झालं, पण ते शेवटचं असेल तरच. मालकाने नंतर दुसरं केलं असेल तर हे बाद. शिवाय ते सिद्ध करायला सही करणाऱ्या दोन साक्षीदारांपैकी निदान एकाला, तो हयात असेल तर, कोर्टात उभं करावं लागतं. साहेबांचे साक्षीदार होते एजंट आणि त्याचा कारकून. एजंटचा फोन बंद, कारकुनाचा पत्ताच नाही. साठेखतावरून खरेदी पुरी करून मागायचा दावा करता येतो, पण त्याला मुदत तीन वर्षांची. ठरलेली तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. साहेबांच्या साठेखतात तारीख नव्हती आणि मुलाचा नकार ताजा होता. त्यांना सोमवारीच दिवाणी वकिलाकडे पाठवलं. दावा अजून चालू आहे.

ते गेल्यावर मी माझे कागद काढले. फील्डला जाताना आपण बायकोच्या नावे मुखत्यारपत्र करतो आणि निर्धास्त होतो. मी गेलो तर मृत्युपत्र आहे, असलो तर मुखत्यारपत्र आहे. पण मधली जागा राहते. डोक्याला मार लागून मी बेशुद्ध पडून राहिलो तर? करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची मती गेली तरी मुखत्यारपत्र संपतं. आणि मी जिवंत, म्हणून मृत्युपत्र बंद. काही देशांत अशा वेळीही चालणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे तशी सोय नाही. घरच्यांना पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं.

म्हणून पगाराचं खातं आम्ही दोघांच्या नावावर केलं, कोणीही एकाने सही केली तरी चालेल असं. पुण्याच्या फ्लॅटच्या खरेदीखतात दोघांची नावं आधीच होती. मृत्युपत्रावरचे माझे साक्षीदार दोघेही माझ्यापेक्षा वयाने मोठे निघाले. ते मृत्युपत्र नव्याने केलं, या वेळी दोन तरुण शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन, आणि त्यांचे पत्ते बायकोच्या वहीत लिहून ठेवले.