मागं आलेलं टोक

मशीन डिझाइनच्या कामात माझ्या हातून झालेल्या चुकांपैकी एका चुकीत एका माणसाची दोन बोटं मोडली. ती चूक कठीण गणितातली नव्हती. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात त्या एका पायरीची होती, आणि परीक्षेत त्या पायरीचे मार्क मी पूर्ण मिळवले होते.

काम भोसरीतल्या एका कारखान्याचं होतं. 80 बाय 40 मिलिमीटरची, 1.2 मीटर लांबीची पोलादी पट्टी बॉल ट्रान्सफर टेबलवर आडवी येऊन थांबायची. तिथून न्यूमॅटिक सिलिंडरने तिला बाजूने ढकलून पुढच्या रोलरवर पाठवायचं होतं. पट्टीचं वजन साधारण 30 किलो. टेबलात खालून गोळ्या बसवलेल्या असल्याने घर्षण अगदी थोडं. सिलिंडर पट्टीच्या बरोबर मध्यावर हवा होता, पण तिथे टेबलाचा पाय येत होता. म्हणून मी तो मध्यापासून 40 सेंटिमीटर बाजूला घेतला. पट्टी थोडी तिरकी होऊन जाईल, पुढे गाइड तिला सरळ करेल, असा माझा हिशेब होता.

चाचणीत पट्टीचा मध्य अपेक्षेपेक्षा हळू सरकला. मी लगेच कारण ठरवून टाकलं: बल मध्यावर नाही, त्यामुळे त्यातलं काही फिरवण्यात खर्च होतंय आणि पुढे ढकलायला कमी उरतंय. त्यावरचा उपायही तितकाच सरळ वाटला. रेग्युलेटर फिरवून प्रेशर 4 बारवरून 6 बारवर नेलं. एक जुने फिटर शेजारी उभे होते. ते म्हणाले, "साहेब, पलीकडचं टोक मागं येतंय." मी म्हणालो, "पुढं ढकलतोय तर मागं कसं येईल? नुसतं मागं राहतंय ते." पुढच्या पट्टीच्या वेळी हेल्पर मागच्या बाजूला उभा होता. बल पुढच्या दिशेने लागत असल्याने ती बाजू सगळ्यांनाच सुरक्षित वाटत होती. पट्टीचं पलीकडचं टोक मागं आलं आणि त्याचा हात टेबलाच्या फ्रेमवर चेपला गेला.

त्या रात्री मी जे गणित केलं, ते ड्रॉइंग काढण्याआधी करायला हवं होतं. कागदावर पट्टी काढली आणि मध्यापासून 0.4 मीटरवर 120 न्यूटनचा बाण दाखवला; 4 बारला सिलिंडर जवळपास तेवढं बल देत होता. मग वस्तुमान केंद्रावर 120 न्यूटनचे दोन बाण काढले, एक पुढे आणि एक मागे. दोन्ही मिळून शून्य होतात, त्यामुळे पट्टीच्या गतीत काहीच बदल होत नाही. आता मूळचा बाण आणि केंद्रावरचा उलटा बाण यांची जोडी बांधली की ते बलयुग्म होतं. त्याचं आघूर्ण 120 गुणिले 0.4, म्हणजे 48 न्यूटन-मीटर. जोडीत न आलेला उरलेला बाण केंद्रावर आहे, आणि तो पूर्ण 120 न्यूटनचा आहे. त्यातलं एक न्यूटनही कमी झालेलं नाही. माझा समज इथेच खोटा ठरला. बल फिरवण्यात आणि ढकलण्यात वाटलं जात नाही. केंद्रावर ते पूर्णच्या पूर्ण लागतं, आणि बलयुग्म त्याच्या जोडीला वेगळं लागतं.

पुढचे आकडे सोपे होते. केंद्राचं त्वरण 120 भागिले 30, म्हणजे 4 मीटर प्रति सेकंद वर्ग. पट्टीचं जडत्व आघूर्ण 30 गुणिले 1.2 चा वर्ग भागिले 12, म्हणजे 3.6. म्हणून कोनीय त्वरण 48 भागिले 3.6, साधारण 13.3 रेडियन प्रति सेकंद वर्ग. पलीकडचं टोक केंद्रापासून 0.6 मीटरवर. फिरण्यामुळे तिथे मागच्या दिशेला 8 चं त्वरण येतं आणि केंद्राबरोबर पुढच्या दिशेला 4 चं. उरतं मागच्या दिशेला 4. केंद्र जितक्या त्वरणाने पुढे जात होतं, नेमक्या तितक्याच त्वरणाने ते टोक मागं येत होतं. फिटरनी डोळ्यांनी पाहिलेलं बरोबर होतं.

प्रेशर वाढवण्यातली चूकही याच आकड्यांत दिसते. 6 बारला बल 180 न्यूटन झालं. केंद्राचं त्वरण 6 झालं, कोनीय त्वरण 20 झालं, आणि टोकाचं मागं येणं 4 वरून 6 वर गेलं. पट्टीवर केंद्रापलीकडे 30 सेंटिमीटरवर एक बिंदू असा होता, जो सुरुवातीला जागचा हलतच नव्हता. तो दोन्ही प्रेशरला त्याच जागी राहिला. बल वाढवल्याने गतीचा आकार बदलत नाही, फक्त वेग वाढतो. आकार ठरतो बल केंद्रापासून किती लांब लागतं त्यावर. अशा सरळ, एकसारख्या पट्टीला हे अंतर लांबीच्या सहाव्या भागापेक्षा जास्त झालं की पलीकडचं टोक मागं येतं. माझ्या पट्टीसाठी ती मर्यादा 20 सेंटिमीटर होती. मी तिच्या दुप्पट गेलो होतो.

मग पट्टीचा मध्य हळू का सरकला होता? हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता, कारण ते तर मी स्वतः पाहिलं होतं. उत्तर सिलिंडरच्या स्ट्रोकमध्ये होतं. जिथे सिलिंडर टेकतो, तो बिंदू केंद्राच्या 2.33 पट त्वरणाने पळतो. त्यामुळे ठरावीक स्ट्रोक लवकर संपतो आणि केंद्राला बल कमी वेळ मिळतं. सिलिंडरने केलेलं कार्य बल गुणिले स्ट्रोक इतकंच राहतं, आणि त्यातला साधारण सातापैकी तीन भागच सरळ गतीत जातो, उरलेले चार फिरण्यात. वाटणी होते ती ऊर्जेची. मी ती बलाची समजलो.

या पद्धतीच्या दोन मर्यादाही त्याच कामात कळल्या. हे आकडे सुरुवातीच्या क्षणाचे आहेत. पट्टी वळू लागली की बलाचं अंतर बदलतं आणि हिशेब नव्याने करावा लागतो. दुसरं, बल केंद्रावर नेलं तरी वस्तूच्या आत काय घडतं ते त्यातून कळत नाही. ती समानता अख्ख्या दृढ वस्तूच्या गतीपुरती असते. पट्टी कुठे वाकेल किंवा सिलिंडरच्या टोकाखाली कुठे दबेल, हे पाहायचं तर बल जिथे खरोखर लागतं तिथेच धरावं लागतं.

शेवटी सिलिंडर तिथेच ठेवला, पण त्याच्या पुढे दोन गाइड रॉडवर सरकणारा आडवा दांडा बसवला. त्याचे दोन पॅड पट्टीला मध्यापासून सारख्या अंतरावर टेकतात. पट्टी सरळ जाऊ लागली. बलयुग्म मात्र नाहीसं झालं नव्हतं. ते आता गाइडच्या बुशवर येत होतं, म्हणून या वेळी बुश निवडताना ते आधी मोजलं. प्रेशर परत 4 बारवर आणलं, आणि मागच्या बाजूला जाळी लावली.

हेल्परची बोटं जुळली, पण एक नीट वळत नाही. केंद्राबाहेर लागणारं बल ड्रॉइंगवर दिसलं की त्याच्या शेजारी बलयुग्माचा आकडा लिहा आणि वस्तूच्या दोन्ही टोकांचं त्वरण काढा. माणूस कुठे उभा राहू शकतो, ते त्यानंतरच ठरवा.