कॅमेरा कुणाच्या जागी उभा आहे?

उर्दूच्या तासाला 'नुक्ता-ए-नजर' हा शब्द आला की मी फळ्यावर त्याच्या शेजारी मराठीतला 'दृष्टिकोन' लिहितो. अर्थ एकच, घडण मात्र वेगळी. उर्दू शब्दात नुक्ता आहे, म्हणजे बिंदू; आपण कुठे उभे राहून पाहतो ती जागा. मराठी शब्दात कोन आहे. त्या जागेवरून आपण कसं वळून, कसं झुकून पाहतो ते. (उर्दूत 'झाविया-ए-निगाह'ही आहे, पण तो मुलांच्या कानावर क्वचितच पडतो.) सिनेमाच्या कॅमेऱ्याला या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवाव्या लागतात. त्याला कुणाच्या जागी उभं करायचं, हा एक प्रश्न. त्याला सरळ धरायचं की तिरकं, हा दुसरा.

पहिल्यापासून सुरुवात करू. एखाद्या पात्राच्या डोळ्यांतून दाखवलेल्या दृश्याला 'पॉइंट ऑफ व्ह्यू शॉट' म्हणतात. त्याची साधी रीत तीन तुकड्यांची आहे. आधी पाहणाऱ्याचा चेहरा, मग त्याला जे दिसतं ते, मग पुन्हा त्याचा चेहरा. मधल्या तुकड्यात कॅमेरा त्या पात्राच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि त्याच्याच नजरेच्या दिशेने असतो. हिचकॉकच्या 'रिअर विंडो'मध्ये (१९५४) पाय मोडून खुर्चीत अडकलेला फोटोग्राफर समोरच्या खिडक्यांत पाहत राहतो. तो सिनेमा बराचसा याच तीन तुकड्यांवर उभा आहे.

आता वाटेल की आपल्याला पात्राशी जोडतो तो मधला तुकडा, कारण तिथे आपण त्याचे डोळे होतो. पण तसं होत नाही. १९४७ साली रॉबर्ट माँटगोमेरी या नटाने 'लेडी इन द लेक' दिग्दर्शित केला आणि जवळजवळ अख्खा सिनेमा नायकाच्या डोळ्यांतून दाखवला. गुद्दा येतो तो कॅमेऱ्यावर, नायिका चुंबन घ्यायला जवळ येते तीही कॅमेऱ्याच्या. नायक दिसतो तो आरशात, किंवा मधूनच तो प्रेक्षकांशी बोलायला येतो तेव्हा. आपण त्याच्या इतके जवळ, आणि तरी तो परकाच राहतो. त्याला भीती वाटली की राग आला, हे कळायला चेहरा लागतो आणि चेहराच काढून घेतलेला आहे. जागा देणं वेगळं आणि मन देणं वेगळं. नजर उधार मिळते. हमदर्दी चेहऱ्याकडून येते.

हे एकदा ध्यानात आलं की नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा (२०१४) शेवट नीट उलगडतो. जब्या हा कैकाडी समाजाचा मुलगा. सिनेमाभर आपण त्याच्या बाजूने पाहतो: गलोल घेऊन काळ्या चिमणीचा माग काढणारा तो, वर्गात शालूकडे चोरून बघणारा तो. त्याचा चेहरा, मग शालू, मग पुन्हा त्याचा चेहरा. तीन तुकड्यांची रीत इथे इतकी सहज येते की आपल्या लक्षातही येत नाही. मग गावासमोर, शालूसमोर, त्याला घरच्यांबरोबर डुकरं पकडावी लागतात. लोक तमाशा बघावा तसे बघतात, हसतात. शेवटी त्याचा बांध फुटतो आणि तो दगड उचलतो. शेवटचा दगड तो थेट कॅमेऱ्याकडे भिरकावतो आणि पडदा काळा होतो.

त्या क्षणी कॅमेरा कुणाच्या जागी आहे? टिंगल करणाऱ्याच्या. म्हणजे हाही पॉइंट ऑफ व्ह्यू शॉट, पण तिसरा तुकडा कापलेला. दगड कुणाला लागला, त्याचा चेहरा कसा झाला, हे दाखवतच नाहीत. तो चेहरा दिसला असता तर आपण म्हणालो असतो, बरं झालं, याला अद्दल घडली. तो न दिसल्यामुळे जागा रिकामी राहते, आणि त्या जागी आपण असतो. दीड-दोन तास जब्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला एका फटक्यात समोरच्या रांगेत नेऊन बसवलं जातं. सिनेमाच्या सुरुवातीलाच असा दगड आला असता तर ती नुसती करामत ठरली असती. त्याचा मार बसतो तो आधीच्या त्या सगळ्या चेहऱ्यांमुळे.

आमच्या कोल्हापुरात सुरू झालेली 'प्रभात' १९३३मध्ये पुण्याला गेली. तिथल्या 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) शांतारामबापूंनी चंद्रमोहन यांचा एकच डोळा पडदाभर दाखवला होता. तिथेही आपण बघणारे नसतो, बघितले जाणारे असतो. नजर उलटवण्याचं हे बळ आपल्याकडे जुनं आहे.

आता कोन. तिरक्या धरलेल्या कॅमेऱ्याला 'डच अँगल' म्हणतात, पण हॉलंडशी त्याचा काही संबंध नाही. जर्मनसाठी असलेल्या 'डॉइच' शब्दाचं ते 'डच' झालं. भिंती, दारं, विजेचे खांब उभे असतात, ही आपल्या डोळ्यांची खात्री असते. चौकट कलली की ती खात्री डळमळते. तीन-चार अंश कलली तर फक्त स्टँड नीट लावला नाही असं वाटतं. मुद्दाम केलंय हे कळायला पंधरा-वीस तरी लागतात.

कॅरल रीड यांच्या 'द थर्ड मॅन'मध्ये (१९४९) हा कोन सतत येतो. युद्धानंतरचं, चार देशांनी वाटून घेतलेलं व्हिएन्ना. तिथे आलेल्या अमेरिकन लेखकाला जर्मन समजत नाही, मित्र मेला की मारला गेला तेही समजत नाही. शेजारीपाजारी त्याच्याकडे संशयाने पाहतात तेव्हा कॅमेरा कलतो. तिथे तो शोभतो, कारण तोल त्या माणसाचा गेलेला आहे. तरीही विल्यम वायलर यांनी रीडना गवंड्याची पाणसळ भेट पाठवली, असं सांगतात: पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर ठेव म्हणून! थट्टेत तथ्य आहे. सारखं तिरकं बघून डोळा सरावतो. मग अस्वस्थता उरत नाही, फक्त कॅमेरावाला दिसत राहतो.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे. साठच्या दशकातल्या 'बॅटमॅन' मालिकेत खलनायकाच्या अड्ड्यावर कॅमेरा ठरून तिरका असे. मुलांच्या मालिकेत ते गंमतीचं होतं. हिंदी सिनेमात कथा मुस्लिम मोहल्ल्यात शिरली की हाच कोन मी कितीदा पाहिलाय: मागे अजान, हिरवट उजेड, कललेली मिनाराची रेघ. तिथे तोल कुणाचा गेलेला असतो? पात्राचा नाही, बोहरी आळीतला दुकानदार शांतपणे हिशेब करत बसलेला असतो. म्हणजे ती तिरकी नजर बाहेरच्याची असते, पण बघणाऱ्याचा चेहरा दाखवत नाहीत. त्यामुळे ती कुणा एकाची नजर न वाटता त्या गल्लीचाच गुण वाटते.

हे पटवायला मला आमच्या शाळेतल्या मुलांनीच मदत केली. नववीच्या चौघांनी मोबाइलवर पाच मिनिटांची फिल्म केली: मॅचमध्ये हरल्यावर मित्रांची तोंडं चुकवत घरी जाणारा मुलगा. शूटिंग त्यांच्याच गल्लीत, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तिरकं. मी विचारलं, "गल्ली अशी का रे?"

"सर, पिक्चरमध्ये आपला मोहल्ला असाच असतो."

मी फारसं बोललो नाही. तो मुलगा नक्की कुठे अस्वस्थ होतो एवढंच शोधायला सांगितलं. बराच वाद घालून त्यांनी एक जागा काढली: कोपऱ्यावर त्याला आपल्या टीमचे आवाज ऐकू येतात ती. बाकी सगळं पुन्हा शूट झालं. फोन मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, उभ्या भिंतींशी जुळवलेला. प्रत्येक वेळी आधी त्याचा चेहरा, मग गल्ली, मग चेहरा. कोपऱ्यावरचा एकच शॉट तिरका ठेवला, तोही दोन सेकंद.

फिल्म वर्गात दाखवली तेव्हा एकाची अम्मीही आली होती. गल्लीचा पहिला सरळ शॉट आला आणि ती शेजारणीला म्हणाली, "अगं, हे तर आपलंच दार!"